शैली बदललेल्या चित्राची प्रिंट विकण्यापूर्वी परवाना कुठे-कुठे पाहायचा

पणजीच्या फोंतेन्हासमधल्या एखाद्या पिवळ्या-निळ्या घराचा फोटो घ्यायचा, शैली बदलणाऱ्या एआय मॉडेलमधून काढून त्याला चित्राचं रूप द्यायचं आणि ए-फोर आकाराच्या प्रिंट छापून हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मांडायच्या. सोबत थोडे मग, थोडे टी-शर्ट. काम सोपं वाटतं, कारण साधनं बहुतेक फुकट मिळतात. अडचण अशी की फुकट मिळणं आणि त्यातून निघालेलं चित्र विकायची मुभा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय ती मुभा एका ठिकाणी लिहिलेली नसते.

एक प्रिंट तयार होते तेव्हा निदान पाच गोष्टी एकामागोमाग वापरल्या जातात: मूळ फोटो, शैलीसाठी घेतलेलं चित्र, मॉडेल चालवणारा कोड, मॉडेलची वेट्स, म्हणजे प्रशिक्षणातून शिकलेले आकडे साठवलेली फाइल, आणि छपाईसाठी चित्र मोठं करणारं साधन. प्रत्येकाचा मालक वेगळा, म्हणून परवानाही वेगळा. चार ठिकाणी मोकळीक आणि पाचव्या ठिकाणी मनाई असेल तर प्रिंट विकता येत नाही. म्हणून खालचा क्रम चित्र जसं तयार होतं तसाच ठेवला आहे. उदाहरण एकच धरलं आहे, फोंतेन्हासच्या घराचं.

पहिली पायरी: फोटो

फोटो स्वतः काढलेला असेल तर हक्क तुमचा. मित्राने हौसेने काढून दिलेला असेल तर हक्क मित्राचा, तुमच्या फोनमध्ये तो असल्याने काही बदलत नाही. पैसे देऊन फोटोग्राफरकडून काढून घेतला असेल तर भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम १७ काम देणाऱ्याला पहिला मालक मानतं, मात्र करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तरच. त्यामुळे मित्र असो की व्यावसायिक, दोन ओळींची लेखी परवानगी घ्यावी आणि तिच्यात ‘फोटोत बदल करून त्याच्या प्रिंट व वस्तू विकण्यास हरकत नाही’ एवढं स्पष्ट असावं. ‘वापर, काही हरकत नाही’ हा व्हॉट्सअॅप निरोप अगदीच निरुपयोगी नाही, पण ‘वापर’ म्हणजे घरात लावायला की विकायला, हा वाद तो मिटवत नाही.

नेटवरून फोटो घेणार असाल तर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची अक्षरं नीट वाचा. `CC BY` असेल तर श्रेय देऊन विकता येतं. `NC` असेल तर विक्री नाही. `ND` असेल तर बदललेलं चित्र लोकांपर्यंत नेता येत नाही आणि शैली बदलणं हा बदलच आहे. `CC BY-SA` मध्ये नवखे हमखास फसतात. तिथे विक्री चालते, पण तयार झालेलं चित्रही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. म्हणजे तुमची प्रिंट विकत घेणारा शेजारचा स्टॉलवाला तीच प्रिंट श्रेय देऊन, त्याच परवान्याखाली छापून विकू शकतो आणि तुम्हाला हरकत घेता येत नाही. गोव्याच्या जुन्या घरांचे विकिमीडियावरचे अनेक फोटो याच परवान्याखाली आहेत. धंदा करायचा असेल तर फोटो स्वतः काढणं शेवटी स्वस्त पडतं.

मग फोटोत काय आलं आहे ते पाहा. घर रस्त्यावरून दिसतं आणि इमारतीचं चित्र किंवा फोटो काढून प्रसिद्ध करायला कलम ५२(१)(एस) सूट देतं. सार्वजनिक जागी कायमचं उभं असलेलं शिल्प किंवा कारागिरीची वस्तू असेल तर त्यापुढचं टी उपकलम लागू होतं. पण ते ज्या व्याख्येकडे बोट दाखवतं तिच्यात शिल्प आणि कारागिरी येतात, रंगवलेलं चित्र येत नाही. म्हणून भिंतीवर हल्लीच्या एखाद्या चित्रकाराने काढलेलं म्युरल फोटोत मध्यभागी असेल तर घराची सूट त्याला लावू नका. फ्रेम थोडी सरकवून ते बाहेर ठेवा. मॉडेलने रंग फिरवले तरी रेषा ओळखू येतात आणि प्रश्न ओळखू येण्याचाच असतो. दारासमोरच्या दुकानाची पाटी, फेणीच्या बाटलीवरचं लेबल, बसवरचं कदंबचं बोधचिन्ह याही गोष्टी फोटोतच पुसून घ्या. चित्रात रूपांतर झाल्यावर त्या अर्धवट वितळलेल्या दिसतात, ते आणखी वाईट. ओट्यावर बसलेल्या आजींचा चेहरा ओळखू येत असेल तर त्यांना विचारल्याशिवाय तो टी-शर्टवर छापू नका.

दुसरी पायरी: शैलीचं चित्र

शैली म्हणून शैलीवर कॉपीराइट नसतो. जाड रेषा, तिरके फटकारे, पिवळा-जांभळा रंगमेळ कुणाच्या मालकीचा नाही. पण मॉडेल शैली हवेतून घेत नाही, ते एका ठरावीक चित्रातून घेतं. ते चित्र कुणाचं आहे आणि त्यातलं किती तुमच्या प्रिंटमध्ये ओळखू येतं, हे पाहावंच लागतं.

भारतात चित्रकाराच्या मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजतात. गोव्याच्या चित्रकारांवर हा हिशेब लावून पाहिला की नियम लक्षात राहतो. आंतोनियो शाविएर त्रिंदाद १९३५ मध्ये वारले, त्यांची चित्रं केव्हाच मोकळी झाली. आंजेलो द फोन्सेका १९६७ मध्ये वारले, म्हणजे ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत थांबायचं. फ्रान्सिस न्यूटन सूझा २००२ मध्ये गेले, त्यांचा हक्क २०६२ च्या अखेरपर्यंत. मारियो मिरांडा २०११ मध्ये गेले, तिथे २०७१ च्या अखेरपर्यंत.

मारियोंचं नाव मुद्दाम घेतलं, कारण गोव्यात स्मरणवस्तू विकणाऱ्याला पहिला मोह तोच होतो. त्यांच्यासारखं गजबजलेलं, टोकदार रेषांचं बाजारचित्र स्वतः काढलं तर ती शैली झाली. त्यांच्या चित्रांचे स्कॅन शैलीचं चित्र म्हणून दिले, किंवा त्या स्कॅनवर प्रशिक्षित लोरा, म्हणजे मोठ्या मॉडेलला एखादी शैली शिकवणारी छोटी जोड-फाइल, वापरला आणि प्रिंटमध्ये त्यांची पात्रं डोकावली, तर ती नक्कल झाली. वर त्यांचं नाव लावून विकलं तर लोकांची फसवणूक केल्याचा दुसरा प्रश्न उभा राहतो.

तयार मॉडेलमध्ये शैलीचं चित्र दिसत नाही, ते आत मुरलेलं असतं. मॉडेल चालवायच्या पायटॉर्च या कोड-संग्रहाच्या उदाहरणांमधल्या `fast_neural_style` या फोल्डरबरोबर चार मॉडेलं मिळतात: `candy`, `mosaic`, `rain_princess` आणि `udnie`. कोडचा परवाना बीएसडी आहे, म्हणजे विक्रीला मोकळा. पण `rain_princess` हे लिओनिड आफ्रेमोव यांच्या चित्राचं नाव आहे. ते २०१९ मध्ये वारले, म्हणजे हिशेब २०७९ च्या अखेरपर्यंत जातो. `udnie` फ्रान्सिस पिकाबियाच्या चित्रावरून आहे. तो १९५३ मध्ये वारला, भारतात ६० वर्षं संपली. एकाच फोल्डरमध्ये, एकाच परवान्याखाली ठेवलेल्या दोन मॉडेलांची स्थिती अशी वेगळी निघते. `rain_princess` मधून काढलेल्या प्रत्येक प्रिंटवर कोर्टात बंदी येईलच असं नाही, त्यात मूळ चित्राचे आकार क्वचितच जसेच्या तसे येतात. पण शंभर प्रिंट छापून स्टॉल मांडणाऱ्याने ही जोखीम का घ्यावी? पर्याय हाताशी आहेत.

पर्याय म्हणजे हक्क संपलेलं चित्र, आणि त्याची प्रतही मोकळ्या जागेतून घेतलेली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून हक्क संपलेल्या चित्रांच्या आपल्याकडच्या प्रतिमा सीसी-झीरोखाली, म्हणजे सगळे हक्क सोडून, ठेवल्या आहेत. होकुसाईच्या लाटेची प्रतिमा तिथून मिळते. त्रिंदादांसारख्या चित्रकाराचं चित्र संग्रहात जाऊन फोनने टिपणार असाल तर तिथल्या प्रवेशाच्या अटी आधी विचारा. चित्रावरचा हक्क संपला तरी आत फोटो काढण्याची अट ही संस्थेची असते आणि ती वेगळी पाळावी लागते. परदेशात पार्सल पाठवणार असाल तर अनेक देश ६० ऐवजी ७० वर्षं मोजतात हेही ध्यानात ठेवा.

तिसरी पायरी: कोड एक, वेट्स दुसरी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. गिटहबच्या पानावर उजवीकडे `MIT license` दिसलं की माणूस निश्चिंत होतो. ती ओळ त्या भांडारातल्या फाइलींबद्दल असते. वेट्स बऱ्याचदा दुसरीकडून उतरवलेली असतात आणि त्यांच्या अटी मूळ लेखकाने ठरवलेल्या असतात.

दोन उदाहरणं पाहा. ओपनसीव्ही या प्रतिमांवर काम करणाऱ्या कोड-संग्रहासोबत `fast_neural_style.py` नावाचा नमुना येतो. ओपनसीव्हीच्या सध्याच्या आवृत्त्या अपाची २.० खाली आहेत. पण त्या नमुन्यात वापरायची `.t7` मॉडेलं जस्टिन जॉन्सनच्या प्रकल्पातली आहेत, आणि त्या प्रकल्पाच्या `README` च्या तळाशी एक ओळ आहे: वैयक्तिक किंवा संशोधनाच्या वापराला मोफत, व्यावसायिक वापरासाठी संपर्क करा. ती ओळ ओपनसीव्हीच्या पानावर तुम्हाला दिसणार नाही. दुसरं उदाहरण फोटोला अॅनिमेचं रूप देणाऱ्या अॅनिमेगॅन-टूचं. मूळ लेखकाच्या भांडारात अव्यावसायिक कामापुरती मोकळीक आहे. त्याच मॉडेलची पायटॉर्चमधली आवृत्ती दुसऱ्याने केली आणि तिच्यावर एमआयटी आहे. पण त्यातली काही वेट्स मूळ मॉडेलमधून फक्त रूपांतरित केलेली आहेत. रूपांतर करणाऱ्याकडे जो हक्क नव्हता तो त्याच्या एमआयटीतून तुमच्याकडे येत नाही.

तपासायचा क्रम असा ठेवा. आधी `LICENSE` फाइल उघडा. मग `README` शेवटपर्यंत वाचा, तिच्यात `commercial` आणि `research` हे शब्द शोधा. मग वेट्स कुठल्या दुव्यावरून उतरतात ते पाहा आणि त्या पानावरचा परवाना वाचा. तिथे ‘अमक्यावरून बनवलं’ असं लिहिलेलं असेल तर त्या अमक्याच्या पानावर जा, आणि मूळ सापडेपर्यंत मागे जात राहा. परवाना कुठेच नसेल तर ते ‘सगळ्यांसाठी मोकळं’ नव्हे. अशा वेळी सगळे हक्क लेखकाकडेच राहतात.

मॉडेलं जिथे ठेवली जातात त्या हगिंग फेस या साइटवर हे काम थोडं सोपं आहे, कारण मॉडेलच्या `README.md` च्या माथ्यावर अशा ओळी असतात:

```
license: other
license_name: ...
license_link: LICENSE.md
base_model: ...
```

`license` समोर `apache-2.0` किंवा `mit` असेल तर बरं. `other` म्हणजे परवाना खास लिहिलेला आहे, दुवा उघडून तो वाचायलाच हवा. `base_model` ची ओळ चुकवू नका. मागे जाण्याची वाट तिथूनच निघते. ही ओळ अपलोड करणारा स्वतः लिहितो, ती कुणी तपासत नाही. अव्यावसायिक मॉडेलच्या प्रतीवर `mit` लिहिलेलं सापडणं मुळीच दुर्मीळ नाही.

परवान्यात मॉडेलचा वापरच अव्यावसायिक कामापुरता असेल तर ‘मी मॉडेल विकत नाही, चित्र विकतो’ हा युक्तिवाद तोकडा पडतो. विक्रीसाठी चित्र तयार करणं हाच तो वापर.

फोंतेन्हासच्या प्रिंटसाठी नवख्याला सर्वांत सरळ पडते ती गॅटिस आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेली मूळ पद्धत. तिच्यात शैलीचं तयार मॉडेल लागतच नाही. तुमचा फोटो, शैलीचं चित्र आणि व्हीजीजी-१९ हे प्रतिमा ओळखणारं जाळं एवढंच लागतं, आणि प्रत्येक चित्र नव्याने घडवलं जातं. ग्राफिक्स कार्ड नसेल तर वेळ बराच जातो, पण शैलीचं चित्र कुठलं हे शंभर टक्के तुमच्या हातात राहतं. व्हीजीजीची मूळ वेट्स त्यांच्या लेखकांनी श्रेय देण्याच्या अटीवर क्रिएटिव्ह कॉमन्सखाली दिली आहेत, त्यामुळे श्रेयाची एक ओळ ठेवावी लागते. टॉर्चव्हिजनमधून वेट्स घेतलीत तर तिथे एक इशारा लिहिलेला आहे: वेट्सना प्रशिक्षणाच्या प्रतिमासंचातून आलेल्या अटी लागू शकतात, ते तपासणं वापरणाऱ्याचं काम. तो संच इमेजनेट आहे आणि त्याच्या अटी संशोधन व शिक्षणापुरत्या आहेत. या कडीबद्दल कायद्याचं चित्र धूसर आहे. आमच्या मते जोखीम लहान आहे, कारण प्रिंटमध्ये इमेजनेटमधलं एकही चित्र उमटत नाही. पण धूसर ते धूसर, म्हणून लेखकांनी दिलेली मूळ वेट्स घेणं बरं.

चौथी पायरी: स्टेबल डिफ्यूजन आणि लोरा वापरत असाल तर

हल्ली बरेच जण फोटोचं चित्र डिफ्यूजन मॉडेलमधून करतात. इथे परवाना दोन थरांत असतो: खाली मूळ मॉडेल, वर लोरा.

मूळ मॉडेलांपैकी स्टेबल डिफ्यूजन १.५ चा परवाना `CreativeML Open RAIL-M` आणि एसडीएक्सएलचा `Open RAIL++-M` आहे. दोन्हींत तयार चित्रावर मॉडेलवाले हक्क सांगत नाहीत आणि विक्री चालते. मात्र परवान्याच्या शेवटी जोडलेली मनाईची यादी तुम्हाला लागू राहते. स्टेबल डिफ्यूजन ३.५ चा परवाना वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्याला व्यावसायिक वापर मोफत देतो, पण त्यासाठी कंपनीकडे नोंदणी करायला सांगतो. बाजारातला स्टॉल त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही, तरी नोंदणीची अट म्हणून सुटत नाही. फ्लक्सचं `schnell` अपाची २.० खाली आहे, म्हणजे मोकळं. त्याच्याच घरातलं `dev` मात्र अव्यावसायिक परवान्याखाली आहे. तिथे मॉडेलच्या वापराबद्दल एक कलम आहे आणि तयार चित्राबद्दल दुसरं, आणि दोन्ही एकत्र वाचल्यावर नवख्याला नक्की काय कळावं हा प्रश्नच आहे. विक्रीचं काम असेल तर `schnell` घ्या, किंवा `dev` चा पैसे देऊन मिळणारा परवाना.

वरच्या थरासाठी, लोरा जिथे मिळतात त्या सिव्हिटाई या साइटवर लोराच्या पानावर परवानग्यांच्या खुणा असतात. त्यातली तयार चित्रं विकण्याची परवानगी आणि निर्मात्याचं नाव न देता वापरण्याची परवानगी, या दोन तुमच्या कामाच्या. खुणा नीट दिसत नसतील तर ब्राउझरमध्ये हा पत्ता उघडा, शेवटी मॉडेलच्या पानाच्या पत्त्यातला क्रमांक टाका:

```
https://civitai.com/api/v1/models/<क्रमांक>
```

आलेल्या मजकुरात `allowCommercialUse` शोधा. त्यात `Image` असेल तर चित्र विकायला निर्मात्याची हरकत नाही. `None` असेल तर तिथेच थांबा. `allowNoCredit` समोर `false` असेल तर प्रिंटवर किंवा तिच्या पाकिटावर निर्मात्याचं नाव द्यावं लागेल. ही जागा छपाईची फाइल करतानाच राखून ठेवा, नंतर शिक्का मारत बसण्यापेक्षा.

लोराची मोकळीक खालच्या मॉडेलची मनाई पुसत नाही. फ्लक्स `dev` वर बनवलेल्या लोराला ‘चित्रं विका’ अशी खूण असली तरी `dev` चा परवाना जागेवरच राहतो. आणि लोरा एखाद्या हयात चित्रकाराच्या किंवा कार्टून कंपनीच्या नावाने असेल तर निर्मात्याच्या खुणेला काही किंमत नाही. जे त्याचं नाही त्याची परवानगी तो देणार कुठून?

चेहरा कायम ठेवून शैली बदलणारी साधनं पर्यटकांची पोर्ट्रेट करणाऱ्यांना फार आवडतात. इन्स्टंटआयडीचा कोड अपाची २.० खाली आहे, पण ते चेहरा वाचायला इनसाइटफेसची मॉडेलं वापरतं आणि ती फक्त अव्यावसायिक संशोधनासाठी आहेत. आयपी-अॅडॉप्टरची `FaceID` आवृत्तीही याच कारणाने संशोधनापुरती आहे. हडफड्याच्या रात्रबाजारात दहा मिनिटांत पोर्ट्रेट छापून देण्याचा बेत असेल तर तो इथे अडतो.

पाचवी पायरी: छपाईसाठी मोठं करताना

ए-फोर प्रिंट ३०० डीपीआयला हवी असेल तर चित्र २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचं लागतं. मॉडेलमधून साधारण १०२४ पिक्सेल बाजूचं चित्र निघतं. ते तसंच ३०० डीपीआयला छापलं तर साडेतीन इंचाच्या आत संपतं. म्हणून चौपट मोठं करणारं मॉडेल वापरावं लागतं. या वेळेपर्यंत माणूस परवान्यांना कंटाळलेला असतो आणि ही कडी तपासायची राहून जाते.

सगळीकडे सुचवलं जाणारं `4x-UltraSharp` हे `CC BY-NC-SA 4.0` खाली आहे. `NC` आहे, म्हणजे विक्रीच्या कामाला नाही. रिअल-ईएसआरगॅन बीएसडी परवान्याखाली आहे आणि चित्रासारख्या पोतासाठी ते पुरेसं आहे. फोटोइतकी बारीक धार इथे लागत नाही, त्यामुळे गुणवत्तेत फारसं काही गमावत नाही. तयार डेस्कटॉप प्रोग्राम वापरत असाल तर यादीत निवडलेल्या मॉडेलचं नाव पाहा. प्रोग्राम मोकळा आणि आतलं मॉडेल अव्यावसायिक, असं इथेही होतं.

टी-शर्टसाठी घराभोवतालचं आकाश कापायचं असेल तर हाच प्रकार पुन्हा. `rembg` एमआयटीखाली आहे. त्यातलं `u2net` अपाची २.० खाली आहे, ते वापरा. त्याच यादीतलं `bria-rmbg` मात्र पैसे दिल्याशिवाय व्यावसायिक कामाला चालत नाही. एका शब्दाचा फरक, आणि तो आज्ञा टाइप करताना होतो.

अॅप किंवा वेबसाइट वापरत असाल तर

कोड, वेट्स वगैरे काही दिसत नाही, फक्त सेवेच्या अटी असतात. पूर्ण वाचायचा कंटाळा येतो हे मान्य, पण चार शब्द शोधा: `commercial`, `personal`, `output`, `subscription`. फुकट खात्याला वैयक्तिक वापर आणि पैसे भरणाऱ्याला व्यावसायिक वापर अशी विभागणी बऱ्याच ठिकाणी असते. मग प्रश्न येतो की चित्र फुकट खात्यात केलं आणि नंतर पैसे भरले तर चालेल का? अटीत तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर चालत नाही असं धरून पैसे भरल्यावर चित्र नव्याने करा. मिडजर्नीसारख्या सेवेत वार्षिक उत्पन्न दहा लाख डॉलरवर गेलेल्या कंपनीने वरचा प्लॅन घ्यावा अशी अट आहे. लहान विक्रेत्याला ती लागत नाही.

नोंद, आणि छपाईच्या आधीचा शेवटचा अर्धा तास

परवाने बदलतात. तुम्ही चित्र केलं त्या दिवशी काय लिहिलेलं होतं हे दाखवता आलं पाहिजे. प्रत्येक डिझाइनच्या फोल्डरमध्ये परवान्यांच्या पानांची पीडीएफ ठेवा, वेट्सच्या फाइलचा ठसा काढा आणि कोडची नेमकी आवृत्ती लिहा:

```
sha256sum vgg19.pth
git rev-parse HEAD
```

फोंतेन्हासच्या घरासाठी ही नोंद अशी होते:

```
डिझाइन: फोंतेन्हास-०१
फोटो: स्वतः काढलेला, मूळ फाइल जपली; पाटी पुसली
शैली: होकुसाई, मेट संग्रहालय, सीसी-झीरो
कोड: गॅटिस पद्धत, पायटॉर्च, बीएसडी
वेट्स: व्हीजीजी-१९, मूळ लेखकांची, श्रेय आवश्यक
मोठं करणं: रिअल-ईएसआरगॅन, बीएसडी
कापणी: नाही (टी-शर्टसाठी u2net, अपाची २.०)
```

याच घराची आधीची आवृत्ती ओपनसीव्हीची `.t7` मॉडेलं आणि `4x-UltraSharp` यांच्यावर केली असती तर सातपैकी दोन ओळी लाल झाल्या असत्या. फोटो चांगला, रंग चांगले, पण छापायला नाही. अशा वेळी पूर्ण डिझाइन टाकून द्यायची गरज नसते, अडलेली कडी बदलून पुन्हा चालवायचं. मात्र मधली कडी बदलली की पुढच्या सगळ्या पायऱ्या पुन्हा कराव्या लागतात. म्हणून तपासणी छपाईवाल्याकडे फाइल देण्याआधी करायची, शंभर मग भाजून आल्यावर नाही. छपाईवाला किंवा मागणीनुसार वस्तू छापणारी वेबसाइट तुमच्याकडून ‘सर्व हक्क माझ्याकडे आहेत’ अशी हमी लिहून घेते. तक्रार आली तर ती याच हमीच्या जोरावर तुमच्याकडे वळते.

तुमच्या डिझाइनला तुम्हाला किती संरक्षण मिळतं, हा उलटा प्रश्नही इथेच येतो. संगणकाने तयार झालेल्या कलाकृतीत ती तयार करवून घेणारी व्यक्ती लेखक, असं कलम २(डी)(सहा) सांगतं. पण मॉडेलच्या चित्रांना ते किती लागू होईल हे अजून नीट ठरलेलं नाही. शिवाय मग-टी-शर्टसारख्या वस्तूवरचं डिझाइन नोंदणीयोग्य असून नोंदवलं नसेल, तर औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा उमटवलं की कलम १५ नुसार त्यावरचा कॉपीराइट जाऊ शकतो. मगची मोठी ऑर्डर देणार असाल तर आधी डिझाइन कायद्याखालची नोंदणी किती खर्चात बसते ते विचारा. नुसत्या ए-फोर प्रिंटच विकणार असाल तर हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

प्रिंटच्या मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात सहा पॉइंटच्या अक्षरांत दोन ओळी पुरतात: शैली कुठल्या चित्रावरून घेतली ते, आणि व्हीजीजीच्या लेखकांचं श्रेय. मगवर मागची बाजू नसते, तिथे त्याच ओळी खोक्याच्या तळाला छापायच्या.